पाऊस, उतारा आणि वाकलेली रेघ

सोयाबीन काढणीला आले की बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या शिवारात पीक कापणी प्रयोग सुरू होतात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन दोरीने आखतात, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकतात, आतले पीक वेगळे कापून त्याची मळणी करतात आणि दाणे तोलून वजन नोंदवतात. अशा वजनांच्या सरासरीवरून मंडळाचा हेक्टरी उतारा ठरतो आणि पुढे पीकविम्याचा हिशेबही. ही पद्धत भारतात रुजवण्यात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता: पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे. शेतीशास्त्रातल्या संशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक 1954 साली आले आणि पुढच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

शेजारच्या वहीत पावसाची नोंद असते. महसूल मंडळागणिक पर्जन्यमापक आहे, त्यामुळे कोणत्या हंगामात किती मिलिमीटर पाऊस पडला हे कळते. हे दोन आकडे समोर ठेवले की कृषी अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पहिला प्रश्न सुचतो तो असा: शंभर मिलिमीटर पाऊस जास्त पडला तर उतारा किती वाढतो? आणि या प्रश्नाला उत्तर म्हणून बहुतेक वेळा एक सरळ रेघ ओढली जाते.

प्रश्न विचारतानाच एक गोष्ट गृहीत धरलेली असते. तीनशेचे चारशे मिलिमीटर होणे आणि नऊशेचे हजार होणे, या दोन्हींचा पिकावर सारखाच परिणाम होतो, असे ती रेघ म्हणते. बालाघाटाच्या डोंगरावरचा कोणताही शेतकरी हे मान्य करणार नाही. त्याच्याकडे या विषयासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. जमिनीत ओल आहे, पण मुळांना हवाही मिळते आहे, औत चालते आहे, अशी अवस्था म्हणजे वाफसा. पाऊस कमी असेल तर वाफसा येत नाही आणि पावसाने उसंतच दिली नाही तरी येत नाही. या एका शब्दातच पाऊस आणि उतारा यांच्यातली रेघ वाकडी असल्याचे ज्ञान साठवलेले आहे.

मग हिशेब करणाऱ्याला ते कळावे कसे? आणि कळल्यावर रेघ कशी वाकवावी: पावसाचा वर्ग समीकरणात घालून, की पावसाचा किंवा उताऱ्याचा लॉगॅरिदम घेऊन? पहिल्या प्रश्नासाठी एक नामांकित चाचणी आहे. दुसरा निर्णयही त्याच चाचणीवर सोपवण्याची सवय अनेक प्रबंधांत दिसते. ती सवय चुकीची आहे, आणि का चुकीची आहे हे धारूरच्या मातीवरच सर्वांत स्पष्ट दिसते.

ही चाचणी म्हणजे रीसेट. जेम्स रॅम्से या अर्थशास्त्रज्ञाने 1969 साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात ती मांडली. तिच्यामागची कल्पना साधी आहे. आधी आपले समीकरण बसवायचे आणि त्यातून प्रत्येक नोंदीसाठी मिळणारे अंदाजित मूल्य लिहून काढायचे. मग त्या अंदाजित मूल्याचा वर्ग, हवा तर घनही, नवा चल म्हणून त्याच समीकरणात घालायचा आणि पुन्हा बसवायचे. मूळ समीकरणाचा आकार बरोबर असेल, तर या नव्या पदांना सांगण्यासारखे काही उरलेले नसते. त्यांच्यामुळे चूक लक्षणीय कमी झाली, तर पहिल्या समीकरणात न पकडलेला बाक शिल्लक होता असा अर्थ निघतो. चूक किती कमी झाली हे एफ या गुणोत्तराने मोजतात.

चलांचे वर्ग थेट न घालता अंदाजित मूल्याचा वर्ग का घालायचा? पाऊस, खत, बियाणे आणि पेरणीची तारीख असे चार चल असतील तर चार वर्गपदे आणि जोड्यांचे सहा गुणाकार मिळून दहा नवी पदे होतात. नोंदी वीस-पंचवीस असताना दहा पदे घालणे म्हणजे हाताशी असलेली सारी माहिती त्यांच्यावरच खर्च करणे. अंदाजित मूल्य हे चारही चलांचे मिश्रण असते, त्यामुळे त्याच्या एका वर्गात हे सारे वर्ग आणि गुणाकार ठरावीक प्रमाणात बांधलेले येतात. एक पद घालून दहांची चाहूल घेता येते. चल एकच असेल तर मात्र अंदाजित मूल्याचा वर्ग घालणे आणि त्या चलाचा वर्ग घालणे ही तंतोतंत एकच गोष्ट ठरते.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. खालचे आकडे कोणत्याही सरकारी नोंदीतले नाहीत. हिशेब वहीवर करता यावा म्हणून ते मांडले आहेत. एका मंडळातले आठ हंगाम घेऊ. पाऊस 300, 400, 500, 600, 700, 800, 900 आणि 1000 मिलिमीटर. त्याच क्रमाने सोयाबीनचा एकरी उतारा 3, 3, 6, 6, 9, 7, 8 आणि 6 क्विंटल. बीड जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे यातले पहिले दोन हंगाम दुष्काळाचे आणि शेवटचे दोन अतिवृष्टीकडे झुकणारे.

सरळ रेघ बसवली तर दर शंभर मिलिमीटरला उतारा 0.62 क्विंटलने वाढतो असे उत्तर येते. उताऱ्यातल्या चढउताराचा निम्मा भाग ही रेघ समजावून सांगते. एवढ्यावर अनेकांचे समाधान होईल. पण प्रत्येक हंगामाचा शेष, म्हणजे प्रत्यक्ष उतारा वजा अंदाज, क्रमाने लिहून पाहावा: उणे 0.83, उणे 1.45, अधिक 0.93, अधिक 0.31, अधिक 2.69, अधिक 0.07, अधिक 0.45 आणि उणे 2.17. दोन्ही टोकांना उणे, मधे सलग अधिक. शेष जर निव्वळ योगायोगाचे असते तर ते असे रांगेत उभे राहिले नसते. चाचणीच्या आधी हा कागद डोळ्यांखालून घालणे ही निम्मी चाचणीच असते.

संगणकावर हे काम चार ओळींचे आहे. आर या प्रणालीत ते असे लिहितात:

```
x <- c(3,4,5,6,7,8,9,10)
y <- c(3,3,6,6,9,7,8,6)
m <- lm(y ~ x)
lmtest::resettest(m, power = 2, type = "fitted")
```

इथे पाऊस शंभर मिलिमीटरच्या एककात आहे आणि फक्त वर्ग घातला आहे. ही आज्ञा काही न सांगता चालवली तर वर्ग आणि घन दोन्ही घातले जातात. स्टेटामधली `estat ovtest` चौथ्या घातापर्यंत जाते. आठच नोंदी असताना तेवढे घात घालणे परवडत नाही, म्हणून किती घात घातले हे लेखकाने लिहायलाच हवे.

वर्गाचे पद घातल्यावर शेषांच्या वर्गांची बेरीज 15.90 वरून 6.38 वर येते. फरक 9.52. नव्या समीकरणात तीन गुणांक असल्याने आठांतून तीन वजा जाऊन पाच स्वातंत्र्यांश उरतात, म्हणून 9.52 ला 6.38 भागिले पाच, म्हणजे 1.28 ने भागायचे. एफ येतो 7.46. पाच टक्के पातळीवरची मर्यादा 6.61 आहे. रीसेट सांगते: सरळ रेघ चुकली.

इथपर्यंत चाचणीने आपले काम चोख केले. पुढे काय करायचे, हे मात्र तिने सांगितलेले नाही. तिने फक्त एवढेच म्हटले की बाक राहिला आहे. आता दोन वाटा फुटतात.

पहिली वाट वर्गपदाची. पाऊस आणि पावसाचा वर्ग दोन्ही समीकरणात ठेवले की उतारा बरोबर उणे 6.83, अधिक 3.71 गुणिले पाऊस, उणे 0.238 गुणिले पावसाचा वर्ग, असे समीकरण मिळते. हा वक्र चढतो, 780 मिलिमीटरला माथ्यावर पोचतो आणि मग उतरतो. दुसरी वाट लॉगची. पावसाच्या जागी पावसाचा लॉगॅरिदम घातला तर वक्र आधी झपाट्याने चढतो, मग चढ मंदावतो, पण तो कधीच खाली वळत नाही. पहिला वक्र टेकडीसारखा, दुसरा घाट संपून पठार लागावे तसा.

लॉगच्या समीकरणावर पुन्हा रीसेट चालवली तर एफ येतो 1.71. मर्यादा तीच 6.61. म्हणजे लॉगचे समीकरण चाचणी उत्तीर्ण झाले! ज्याला चाचणीच्या निकालावरच थांबायचे असेल तो इथे थांबेल आणि प्रबंधात लिहील की योग्य आकार सापडला. पण हे समीकरण हजार मिलिमीटर पावसाला एकरी आठ क्विंटल उताऱ्याचा अंदाज देते. प्रत्यक्षात सहा निघाले आहेत. वर्गपदाचे समीकरण त्याच पावसाला साडेसहा सांगते. ज्या हंगामात पावसाने पीक झोडपले, नेमक्या त्याच हंगामात लॉगचे समीकरण सांगते की पाऊस वाढला तेवढे भलेच झाले.

असे कसे झाले? कारण आठ नोंदींत चाचणीची ताकद थोडी असते. तिने दोष दाखवला नाही, याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. तो दिसण्याइतकी माहिती नव्हती, एवढाच होतो. रीसेट उत्तीर्ण होणे हे प्रमाणपत्र नव्हे, आणि मराठीत लिहिल्या जाणाऱ्या अहवालांत ते प्रमाणपत्रासारखे चिकटवले जाते हा या लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट करून पाहावी. शेवटचा, हजार मिलिमीटरचा हंगाम वगळावा. उरलेल्या सात हंगामांवर सरळ रेघ बसवली तर दर शंभर मिलिमीटरला 0.93 क्विंटल वाढ दिसते आणि रीसेटचा एफ येतो फक्त 1.69, मर्यादा आता 7.71. चाचणी पूर्ण गप्प. एक ओला हंगाम काढला आणि वाकडी रेघ सरळ ठरली, शिवाय पावसाची किंमतही दीडपट झाली.

मराठवाड्यात हे केवळ कागदावरचे कोडे नाही. 2012, 2014, 2015 आणि 2018 ही दुष्काळाची वर्षे होती. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. तेवढ्याच वर्षांची माहिती घेऊन कोणी पाऊस आणि उतारा यांचा संबंध मांडला असेल तर त्याला सरळ रेघच मिळाली असेल आणि कोणतीही चाचणी तिला अडवू शकली नसती. मग 2021 च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाच्या उरलेल्या पट्ट्याने मराठवाड्याला धुऊन काढले, आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा बीडसह अनेक जिल्ह्यांत नद्या पात्राबाहेर आल्या. काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटतात, तुरीची मुळे साचलेल्या पाण्यात गुदमरून झाड पिवळे पडते, कापसाची बोंडे सडतात. रेघेचा उतरता भाग या हंगामांत आहे. माहितीत तो नसेल तर चाचणीला तो दिसणार कुठून?

तरीही वर्गपदाच्या बाजूने घाईने निकाल देण्यात धोका आहे. वर्गपदाचा गुणांक उणे आला म्हणजे माथा सिद्ध झाला, असे अनेक लेखक धरून चालतात. वर्गपद फक्त एवढे सांगते की चढ हळूहळू कमी होतो आहे. तो माहितीच्या आतच शून्य होऊन उलटा वळतो का, हे वेगळे तपासावे लागते. त्याची रीत अशी की वक्राचा उतार दोन्ही टोकांना काढायचा. आपल्या उदाहरणात 300 मिलिमीटरला तो दर शंभर मिलिमीटरमागे अधिक 2.29 क्विंटल येतो आणि हजार मिलिमीटरला उणे 1.05. दोन्हींची प्रमाणित चूक 0.63 आहे. डावीकडचा उतार तिच्या साडेतीन पटींहून जास्त आहे, म्हणून चढाबद्दल शंका नाही. उजवीकडचा मात्र 1.65 पट आहे आणि पाच स्वातंत्र्यांशांना एकतर्फी चाचणीत 2.02 पट लागते. उतरंड आहे असे दिसते, पण ती पक्की झालेली नाही.

म्हणजे आठ हंगामांच्या या वहीने एवढे ठामपणे सांगितले: सरळ रेघ नाही, आणि सुरुवातीचा चढ खरा आहे. पुढे पठार आहे की उतरंड, हे तिला ठरवता आले नाही. ते ठरवणारी माहिती पिकाच्या शरीरात आणि वाफशाच्या अनुभवात आहे. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींना हवा लागते, पाणी साचले की ती तुटते, आणि काढणीच्या वेळच्या पावसाने तयार दाणाही जातो. ही कारणे माहीत असताना कधीच न वळणारा वक्र निवडणे म्हणजे जे ठाऊक आहे ते विसरून जाणे. म्हणून इथे वर्गपद. आणि माथ्याचा आकडा लिहिताना त्याच्याभोवतीची अनिश्चितताही लिहायची, कारण 780 हा आकडा एका ओल्या हंगामाच्या जोरावर उभा आहे.

वर्गपदाचे स्वतःचे दोष विसरू नयेत. दोनशे मिलिमीटर पाऊस घातला तर हेच समीकरण एकरी उणे 0.36 क्विंटल उतारा देते. उणे सोयाबीन कोणाच्या खळ्यावर येत नाही. ज्या पट्ट्यात नोंदी आहेत त्याच्या बाहेर वर्गपदाचा वक्र दोन्हीकडे वेगाने कोसळतो. तिथे त्याच्यावर विसंबू नये. शिवाय पाऊस आणि त्याचा वर्ग एकमेकांबरोबर वाढतात, त्यामुळे दोघांचे गुणांक सुटे पाहिले तर एखादा निरर्थक वाटू शकतो. अशा वेळी एक पद काढून टाकायचे नसते. दोघांची चाचणी एकत्र करायची असते. पावसातून सरासरी वजा करून मग वर्ग घेतला तर वाचनही सोपे होते. आपल्या उदाहरणात तसे केल्यावर पावसाचा गुणांक 0.62 येतो आणि त्याला थेट अर्थ असतो: सरासरी पावसाच्या हंगामात, साडेसहाशे मिलिमीटरला, वक्राचा उतार दर शंभर मिलिमीटरमागे तेवढा.

आता याच तालुक्यातले दुसरे उदाहरण घ्यावे, जिथे निर्णय नेमका उलटा होतो. बीड जिल्ह्याच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटाच्या उतारांवर हे झाड आपसूक वाढते, आणि अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने पुढे आणलेल्या एका वाणाचे नावच धारूर-6 आहे. समजा, फळाचा व्यास मोजून त्याच्या वजनाचा अंदाज करायचा आहे, म्हणजे प्रत्येक फळ न तोलता प्रतवारी करता येईल.

सीताफळ अगदी गोल नसले तरी चेंडूच्या जवळचे धरता येते. चेंडूचे आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. पाण्याइतकी घनता धरली तर सहा सेंटिमीटर व्यासाचे फळ 113 ग्रॅमचे, आणि नऊ सेंटिमीटरचे 382 ग्रॅमचे. व्यास दीडपट, वजन जवळजवळ साडेतीनपट. या दोन फळांतून सरळ रेघ ओढून ती मागे नेली तर चार सेंटिमीटरचे फळ उणे 66 ग्रॅमचे ठरते. भूमितीप्रमाणे ते 34 ग्रॅमच्या आसपास असायला हवे. शे-दीडशे फळे मोजली तर रीसेट ही रेघ पहिल्याच फटक्यात नाकारील.

इथे व्यासाचा वर्ग घातला तर काय होईल? सहा ते नऊ सेंटिमीटरच्या पट्ट्यात घनाचा वक्र आणि वर्गाचा वक्र एकमेकांना जवळजवळ चिकटून जातात. रीसेट कदाचित काहीच बोलणार नाही. तरीही निवड चुकीची असेल, कारण वजन आणि व्यास यांचे नाते बेरजेचे नसून पटींचे आहे. दोन्हींचा लॉग घेतला तर नाते सरळ रेघेचे होते, आणि तिचा उतार 3 च्या जवळ यायला हवा हे मोजणीच्या आधीच सांगता येते. उतार 2.7 आला तर मोठी फळे चपटी होत आहेत किंवा आत पोकळ राहत आहेत, असा प्रश्न विचारता येतो. वर्गपदाच्या गुणांकाला असा कोणताही प्रश्न विचारता येत नाही.

लॉगच्या बाजूचे दुसरे कारण विखुरण्याचे आहे. सहा सेंटिमीटरच्या फळांची वजने पाच-दहा ग्रॅमने मागेपुढे असतील, तर नऊ सेंटिमीटरच्या फळांची तीस-चाळीस ग्रॅमने. चूक टक्क्यांत सारखी, ग्रॅममध्ये वाढती. वर्गपद हा फुगवटा तसाच ठेवते. वजनाचा लॉग घेतला की तो बराचसा सपाट होतो. रीसेटचा एफ चुकांचा पसारा सगळीकडे सारखा आहे असे धरून काढलेला असतो, म्हणून पसारा फुगत असताना आलेला निकाल आकाराबद्दल आहे की पसाऱ्याबद्दल, हे सांगता येत नाही. शेषांचा आलेख पंख्यासारखा उघडत असेल तर चाचणीची पसारा सांभाळून घेणारी आवृत्ती वापरावी.

मग उताऱ्याचाही लॉग का घेऊ नये? धारूरमध्ये याचे उत्तर एका शून्यात आहे. पावसाने मोठा खंड दिलेल्या हंगामात हलक्या रानावरचे पीक पूर्ण जाते आणि कापणी प्रयोगाच्या चौकोनातून काहीच निघत नाही. शून्याचा लॉग नसतो. अशा नोंदी गाळल्या तर दुष्काळाची सर्वांत मोठी हानीच हिशेबातून निघून जाते. अनेक जण त्यावर तोड म्हणून प्रत्येक उताऱ्यात एक मिळवून लॉग घेतात. त्याने काय होते ते पाहावे. उतारा क्विंटलमध्ये असेल तर शून्यावरून अर्ध्या क्विंटलवर जाणे म्हणजे लॉगमध्ये 0.41 ची वाढ, आणि अर्ध्यावरून पाच क्विंटलवर जाणे म्हणजे 1.39 ची. तोच उतारा किलोत लिहिला तर पहिली उडी 3.93 ची होते आणि दुसरी 2.28 ची. शेत तेच, पीक तेच. केवळ एकक बदलले म्हणून कोणता बदल मोठा हे उलटे झाले. जिथे खरीखुरी शून्ये आहेत तिथे उतारा आहे तसाच ठेवून पावसाच्या बाजूने वाकवणे अधिक प्रामाणिक ठरते.

लॉगची एक अडचण तुलनेची आहे. एका समीकरणात डावीकडे उतारा आणि दुसऱ्यात उताऱ्याचा लॉग असेल, तर दोघांचे आर-वर्ग शेजारी ठेवून मोठा निवडणे चुकीचे आहे, कारण दोन्ही ठिकाणी समजावून सांगायची गोष्टच वेगळी आहे. यावरची सोपी रीत जॉर्ज बॉक्स आणि डेव्हिड कॉक्स यांच्या 1964 च्या निबंधातून येते: सर्व मूल्यांना त्यांच्या भूमितीय माध्याने भागायचे, मग एकदा तशीच आणि एकदा लॉग घेऊन दोन्ही समीकरणे बसवायची. आता शेषांच्या वर्गांच्या बेरजा एकाच मापात येतात आणि लहान बेरीज कोणाची हे पाहता येते. आणि लॉगमधला अंदाज ग्रॅममध्ये परत आणताना तो सरासरीपेक्षा कमी पडतो, त्याची दुरुस्तीही विसरता कामा नये. नाहीतर सीताफळाचे प्रत्येक क्रेट कागदावर थोडे हलके भरते.

रीसेटकडून आणखी एक चुकीची अपेक्षा केली जाते. स्टेटामध्ये तिचे नावच गाळलेल्या चलांची चाचणी असे दिसते, त्यामुळे ती उत्तीर्ण झाली की कोणताही महत्त्वाचा चल सुटलेला नाही असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पण तिच्या हाती फक्त अंदाजित मूल्यांचे घात असतात. सुटलेला चल समीकरणातल्या चलांशी सरळ नात्याने बांधलेला असेल, तर त्या घातांत त्याचा माग लागत नाही. पावसाच्या एकूण मिलिमीटरबरोबर खंडाचे दिवस मोजलेच नसतील, आणि पाऊस वाढेल तसे ते सरळ प्रमाणात घटत असतील, तर खंडाचा सारा परिणाम पावसाच्या गुणांकात मिसळून जाईल आणि रीसेट चकार शब्द काढणार नाही. जुलैच्या खंडानंतर सप्टेंबरात कोसळलेले चारशे मिलिमीटर आणि चार महिने समान पडलेले चारशे मिलिमीटर हे तिच्या लेखी एकच आहेत.

उलट बाजूही आहे. रीसेटने रेघ नाकारली की लगेच वर्गपद घालण्याआधी, तो बाक दोन निराळ्या गटांच्या मिसळण्यातून तर आला नाही ना, हे पाहावे. तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावरची मुरमाड, उथळ राने आणि खालच्या सपाटीवरची काळी खोल जमीन यांना पाऊस वेगवेगळा लागू पडतो. मुरमाड रानातून पाणी निचरून जाते, तिथे जास्तीचा पाऊस बराच काळ फायद्याचा. काळ्या रानात तो लवकर साचतो. दोन्हींच्या नोंदी एकत्र करून ओढलेला वक्र कोणत्याच शेताचा नसतो. जमिनीप्रमाणे दोन रेघा वेगळ्या काढल्या तर काही वेळा बाक उरतच नाही.

परभणी, अंबाजोगाई किंवा बीडच्या महाविद्यालयांत पाऊस आणि उतारा यांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी म्हणून चार गोष्टी स्पष्ट नोंदवाव्यात. रीसेटमध्ये कोणते घात घातले आणि एफ किती आला. वक्राचा उतार दोन्ही टोकांना किती आणि त्याची चूक किती. माथ्याच्या पलीकडे प्रत्यक्ष किती हंगाम आहेत. आणि वर्गपद किंवा लॉग निवडण्यामागे पिकाचे, मातीचे किंवा मापाचे कोणते कारण होते. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी यातला चौथा प्रश्न आधी विचारावा, आणि पीक कापणीच्या वहीतले शून्य उताऱ्याचे चौकोन व अतिवृष्टीचे हंगाम विसंगत नोंदी म्हणून कोणी खोडले असतील तर ते परत लिहायला लावावेत. वरच्या उदाहरणात आठांपैकी हजार मिलिमीटरचा एकच हंगाम होता, आणि सरळ रेघ चुकली हे त्याच्यामुळेच कळले.